फिफ्टीन की फिफ्टी?

तालुक्याच्या गावात दवाखाना चालवणाऱ्या एका फॅमिली डॉक्टरांसमोर पुण्याच्या तज्ज्ञांकडून आलेलं पत्र आहे. पेशंट समोर बसलेली आहे आणि बाहेरच्या बाकांवर आणखी पंधरा-वीस जण आहेत. पत्र वाचायला डॉक्टरांकडे फार तर दोन मिनिटं असतात. तेवढ्या वेळात त्यांना तीन गोष्टी कळायला हव्यात: पेशंटला नेमकं काय झालंय, औषधांत काय बदललंय आणि आता आपण काय करायचं. ही उत्तरं पत्रात नसतील, किंवा असूनही पटकन दिसत नसतील, तर डॉक्टर पेशंटलाच विचारतात, "काय म्हणाले पुण्याला?" आणि उपचार तिच्या आठवणीवर पुढे चालू राहतो.

मोठ्या रुग्णालयांतल्या तज्ज्ञांना असं प्रत्येक पत्र स्वतः टाइप करायला सहसा वेळ नसतो. ओपीडी संपली की, किंवा दोन पेशंटच्या मधल्या वेळात, ते रेकॉर्डरवर किंवा फोनवर मजकूर सांगतात. टायपिस्ट तो ऐकून टाइप करते. संध्याकाळी पत्रांचा गठ्ठा सहीसाठी टेबलावर येतो. म्हणजे एकाच पत्राला तीन माणसं लागतात: सांगणारा, ऐकून लिहिणारी आणि दूर कुठेतरी ते वाचून कृती करणारा. यातल्या तिसऱ्याला पहिल्या दोघांचं बोलणं ऐकू आलेलं नसतं. त्याच्या हातात फक्त कागद असतो.

या साखळीत काय घडू शकतं याचं एक उदाहरण अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातलं आहे, आणि त्याचा एक धागा भारतापर्यंत येतो. 2008 मध्ये तिथल्या एका रुग्णालयातून एका मधुमेही बाईंना पुनर्वसन केंद्रात पाठवलं गेलं. डॉक्टरांनी सांगितलेला डिस्चार्जचा मजकूर टाइप होण्यासाठी भारतात आला होता. लेव्हेमिर या इन्शुलिनचा 8 युनिटचा डोस टाइप होताना 80 युनिट झाला. पुढच्या केंद्रात त्या आकड्यावरून इन्शुलिन दिलं गेलं आणि बाई दगावल्या. 2012 च्या डिसेंबरमध्ये तिथल्या ज्यूरीने 14 कोटी डॉलर भरपाईचा निकाल दिला. चूक एका शून्याची होती. पण ते शून्य टाइप झाल्यापासून इंजेक्शनच्या सुईपर्यंत पोचेतो आकड्याची मूळ डोसशी गाठ कोणी घालून पाहिली नाही, हा खरा बिघाड होता.

घाईत सांगितलेलं पत्र

आता एक पत्र सुरुवातीपासून सहीपर्यंत पाहू. पेशंट काल्पनिक आहे, पण असे पेशंट संधिवाताच्या ओपीडीत रोज येतात. अठ्ठावन्न वर्षांच्या बाई, वर्षभरापासून ऱ्हुमॅटॉइड संधिवात. मेथोट्रेक्सेट आठवड्याला 10 मिलिग्रॅम चालू आहे, तरी दोन्ही मनगटं सुजलेली. दुखलं की त्या डायक्लोफिनॅकची गोळी घेतात. रक्तदाबासाठी अमलोडिपिन चालू आहे, पण आज रक्तदाब 150/96 भरला. तज्ज्ञांनी मेथोट्रेक्सेट वाढवायचं आणि डायक्लोफिनॅक बंद करायचं ठरवलं.

मेथोट्रेक्सेट मुद्दाम निवडलंय. संधिवातात हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. पेशींना वाढायला फॉलिक अ‍ॅसिड लागतं, आणि हे औषध नेमकं त्याच कामात अडथळा आणतं. म्हणून ते रोज घेतलं तर अस्थिमज्जेत रक्तपेशी तयार होणं मंदावतं, तोंडात फोड येतात, जंतुसंसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी घटतात. सलग आठवडाभर रोज घेतलं तरी जिवावर बेतू शकतं. हेच औषध काही कर्करोगांत वेगळ्या वेळापत्रकाने आणि मोठ्या मात्रेत देतात, त्यामुळे चिठ्ठीवर 'रोज' दिसलं तर ते अशक्य वाटेलच असं नाही.

घाईच्या वेळी या बाईंचं पत्र साधारण असं सांगितलं जातं: "थँक्यू फॉर रेफरिंग धिस लेडी, के.सी.ओ. आर.ए., ऑन एम.टी.एक्स. टेन, फॉलिक, डायक्लो एस.ओ.एस. स्टिल हॅज पेन, स्वेलिंग बोथ रिस्ट्स. एल.एफ.टी. नॉर्मल. इन्क्रीज एम.टी.एक्स. टू फिफ्टीन, कंटिन्यू फॉलिक, स्टॉप डायक्लो. रिपीट ब्लड्स. रिव्ह्यू थ्री मंथ्स."

सांगणाऱ्याच्या दृष्टीने यात काहीच राहिलेलं नाही, कारण उरलेलं सगळं त्याच्या डोक्यात आहे. तालुक्याच्या डॉक्टरांच्या जागी बसून वाचलं की भोकं दिसू लागतात. फिफ्टीन कशाचे, आणि किती दिवसांनी? फॉलिक किती आणि कधी? डायक्लो का बंद केलं? कारण कळलं नाही, तर पुढच्या आठवड्यात बाई दुखतंय म्हणून आल्या की तीच गोळी किंवा तिची बहीण पुन्हा दिली जाईल. रिपीट ब्लड्स म्हणजे कोणत्या तपासण्या, कधी, आणि त्या करायला कोणी सांगायचं? पुण्याच्या डॉक्टरांना वाटतं गावचे करतील, गावच्यांना वाटतं पुण्याला होतील, आणि तीन महिने रक्त तपासलंच जात नाही.

उत्तर आधी, कहाणी नंतर

वैद्यकीय शिक्षणात केस मांडण्याचा क्रम ठरलेला असतो: तक्रार, इतिहास, तपासणी, चाचण्या, निदान, उपचार. विद्यार्थ्याने विचार कसा केला हे परीक्षकाला दिसावं म्हणून तो क्रम आहे. पत्र वाचणाऱ्याला मात्र शेवटचं आधी हवं असतं. म्हणून चांगलं पत्र निदानापासून सुरू होतं, लगेच आज झालेले बदल सांगतं, मग कामांची वाटणी करतं. इतिहास आणि तपासणी त्याखाली येते, आणि तीही निर्णय समजायला लागते तेवढीच.

यासाठी रेकॉर्डर चालू करण्याआधी अर्धा मिनिट थांबावं लागतं. केसपेपर समोर उघडा असावा आणि एका प्रश्नाचं उत्तर तयार असावं: हे पत्र वाचून समोरच्याने काय करावं असं मला वाटतं? ते ठरलं नसेल तर बोलता बोलता सापडेल या भरवशावर सुरुवात केली जाते, आणि मुख्य मुद्दा पाचव्या परिच्छेदात निघतो. पेशंट खोलीत असतानाच पत्र सांगितलं तर आणखी एक फायदा होतो. "डायक्लो एस.ओ.एस." ऐकून बाई म्हणू शकतात, "नाही हो डॉक्टर, मी रोज दोन घेते." केसपेपरवर नसलेली ही माहिती रक्तदाबाचं कोडं सोडवते.

सांगायची सुरुवात ओळखीने होते: पूर्ण नाव आणि त्याचं स्पेलिंग, वय, नोंदणी क्रमांक, आणि पेशंटला तपासल्याची तारीख. ही तारीख वेगळी सांगावी लागते, कारण पत्र दोन दिवसांनी टाइप झालं तर कागदावर टायपिंगची तारीख येते आणि "दोन आठवड्यांनी रक्त तपासा" याचे दोन आठवडे कधीपासून मोजायचे हे कळत नाही. मग पत्र कोणाला, आणि प्रत कोणाकोणाला. पेशंटलाही प्रत द्यायची हे इथेच सांगून टाकावं.

आपल्या बाईंचं पत्र नीट बांधलं तर त्याचा गाभा असा होतो. मूळ पत्र बहुधा इंग्रजीत असेल, इथे मराठीत देतो.

*निदान:* ऱ्हुमॅटॉइड संधिवात, एक वर्षापासून, अजून आटोक्यात नाही. उच्च रक्तदाब.

*आज केलेले बदल:* मेथोट्रेक्सेट आठवड्याला 10 वरून 15 मिलिग्रॅम. फक्त रविवारी, आठवड्यातून एकदा. 2.5 मिलिग्रॅमच्या 6 गोळ्या एका वेळी. रोज घ्यायची नाही. डायक्लोफिनॅक बंद, कारण रक्तदाब 150/96 आहे आणि या गोळीने मूत्रपिंडावर ताण येऊन मेथोट्रेक्सेट शरीरात साठू शकतं. त्याऐवजी दुखलं तरच पॅरासिटामॉल 500 मिलिग्रॅम, 24 तासांत जास्तीत जास्त 4 गोळ्या.

*पूर्वीचंच चालू:* फॉलिक अ‍ॅसिड 5 मिलिग्रॅम, फक्त बुधवारी. अमलोडिपिन 5 मिलिग्रॅम, रोज सकाळी.

*आपल्याला विनंती:* हिमोग्राम, एसजीपीटी आणि क्रिएटिनिन दर दोन आठवड्यांनी, तीन वेळा करावं. पांढऱ्या पेशी 3500 च्या खाली किंवा एसजीपीटी 100 च्या वर गेलं तर मेथोट्रेक्सेट थांबवून आम्हाला फोन करावा. रक्तदाब दोन आठवड्यांनी पाहावा. को-ट्रायमोक्साझोल देऊ नये.

*आमच्याकडे:* तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी.

*पेशंटला सांगितलेलं:* ताप, घसादुखी, तोंडात फोड, नवा कोरडा खोकला किंवा दम लागला तर पुढची मात्रा घ्यायची नाही आणि लगेच डॉक्टरांना भेटायचं.

को-ट्रायमोक्साझोलची ओळ घाईत सगळ्यात आधी गळते, आणि तीच फार मोलाची आहे. लघवीच्या जंतुसंसर्गावर हे स्वस्त, जुनं औषध सहज दिलं जातं. तेही शरीरातल्या फॉलिक अ‍ॅसिडच्याच वाटेवर आडवं येतं, त्यामुळे मेथोट्रेक्सेटबरोबर दिलं तर रक्तपेशी धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकतात. संधिवाताच्या डॉक्टरांना हे पाठ असतं. पण लघवीची जळजळ घेऊन पेशंट त्यांच्याकडे येत नाही, गावच्या डॉक्टरांकडे जाते. माहिती एकाकडे आणि प्रसंग दुसऱ्याकडे येणार असेल, तेव्हा पत्रातली ती एक ओळच दोघांना जोडते.

आखूड अक्षरांचे लांब घोटाळे

संक्षेपांनी वेळ वाचतो हे खरं, पण तो सांगणाऱ्याचा वाचतो. घाईच्या पत्रातला 'आर.ए.' पाहा. संधिवाताच्या विभागात त्याचा अर्थ एकच, ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. हृदयाच्या डॉक्टरांना तो हृदयाचा उजवा वरचा कप्पा वाटेल. भूलतज्ज्ञ शरीराचा एक भाग बधिर करण्याच्या पद्धतीला आर.ए. म्हणतात. आणि वॉर्डात ऑक्सिजनच्या आकड्यापुढे 'आर.ए.' असलं, तर पेशंट खोलीतल्या साध्या हवेवर आहे असा अर्थ होतो. 'पी.आय.डी.' हे हाडांच्या डॉक्टरांसाठी कण्यातली सरकलेली चकती, तर स्त्रीरोगतज्ज्ञांसाठी ओटीपोटातला जंतुसंसर्ग. 'एम.एस.' म्हणजे हृदयाची अरुंद झालेली झडप, मज्जासंस्थेचा एक आजार किंवा मॉर्फिन सल्फेट. आपल्या विभागात चालणारा संक्षेप विभागाच्या दाराबाहेर गेला की त्याचा अर्थ बदलतो, आणि पत्र नेहमी दाराबाहेरच जातं.

निदानाचा संक्षेप चुकला तर वाचणारा निदान अडखळतो, विचारतो. डोसचा संक्षेप चुकला तर बऱ्याचदा तो अडखळतही नाही, कारण चुकीचं वाचनही अर्थपूर्ण वाटतं. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशन या संस्थेने 2004 मध्ये वापरूच नयेत अशा संक्षेपांची एक छोटी यादी काढली. तिच्यात युनिटसाठी लिहिलेलं इंग्रजी यू आहे, कारण आकड्याला चिकटलं की ते शून्यासारखं दिसतं आणि 6 युनिटचे 60 होतात. 'रोज एकदा'साठी अमेरिकेत लिहिलं जाणारं क्यू.डी. आहे, कारण ते दिवसातून चार वेळाच्या क्यू.आय.डी.सारखं वाचलं जातं.

आकड्यांचे दोन नियम या यादीतून सगळीकडे गेले. पूर्ण आकड्यापुढे दशांश देऊन शून्य लिहायचं नाही: 1.0 मधला ठिपका पुसट झाला की डोस दसपट होतो. आणि एकाहून लहान आकड्याआधी शून्य लिहायचंच: .5 चे 5 व्हायला एक हरवलेला ठिपका पुरतो. प्रयोगशाळेच्या निकालांना पहिल्या नियमातून सूट आहे, कारण तिथे 1.0 मधलं शून्य मोजणी किती बारकाईने झाली ते सांगतं. सांगताना हेच नियम कानाला लागू होतात. "पॉइंट फाइव्ह" म्हणताना पॉइंट पंख्याच्या आवाजात विरून जातो, म्हणून "झीरो पॉइंट फाइव्ह" म्हणायचं. मायक्रोग्रॅम हा शब्द पूर्ण उच्चारायचा आणि पूर्ण टाइप करून घ्यायचा. थायरॉइडच्या गोळ्या मायक्रोग्रॅममध्ये असतात आणि तो शब्द मिलिग्रॅम झाला तर कागदावरचा डोस हजारपट होतो.

आपल्याकडचे धोके थोडे वेगळे आहेत. आपण 'ओ.डी.' म्हणजे रोज एकदा असं धरतो, पण डोळ्यांच्या डॉक्टरांच्या भाषेत तीच अक्षरं उजव्या डोळ्यासाठी आहेत. 'एस.ओ.एस.' म्हणजे गरज पडली तर. मात्र गरज कोणती आणि दिवसाला जास्तीत जास्त किती, हे त्यात येत नाही. म्हणूनच वरच्या पत्रात पॅरासिटामॉलपुढे दोन्ही लिहिलं आहे. '1-0-1' ही आपली लाडकी खूण सकाळ-दुपार-रात्रीसाठी सोयीची आहे, पण तिच्यात आठवड्याला जागाच नाही. मेथोट्रेक्सेटपुढे 1-0-0 पडलं, तर मेडिकल दुकानातला माणूस "रोज सकाळी एक" असंच सांगणार, आणि त्यात त्याची चूक नाही.

मेथोट्रेक्सेटच्या बाबतीत ब्रँडच्या नावांचाही एक सापळा आहे. फॉलिट्रॅक्स हे मेथोट्रेक्सेट आहे आणि फॉलव्हाइट हे फॉलिक अ‍ॅसिड. दोन्ही नावं 'फॉल'ने सुरू होतात, दोन्ही एकाच पेशंटच्या चिठ्ठीवर असतात, आणि फॉलिक अ‍ॅसिड रोज घेतलं तरी सहसा काही बिघडत नाही, तर मेथोट्रेक्सेट रोज घेतलं तर सगळंच बिघडतं. घाईच्या पत्रातला "फॉलिक" हा अर्धवट शब्द या दोन्हींच्या मधोमध पडतो. 2016 मध्ये तेव्हाच्या भारतीय वैद्यकीय परिषदेने नियम दुरुस्त करून औषधं जेनेरिक नावाने, वाचता येतील अशी आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावीत असं सांगितलं. पत्र सांगतानाही औषधाचं मूळ नाव पूर्ण उच्चारावं. पेशंटकडे असलेल्या पाकिटावरचं ब्रँडचं नाव हवं तर त्यामागे जोडावं.

कानासाठी बोलणं

पत्र डोळ्यांनी वाचलं जाणार असलं तरी आधी ते कानांनी ऐकलं जातं, आणि इंग्रजीतले काही आकडे व शब्द कानाला फसवतात. फिफ्टीन आणि फिफ्टी, थर्टीन आणि थर्टी यांतला फरक शेवटच्या 'न'वर टिकून असतो. टायपिस्ट हुशार असेल तर फोन करते.

"सर, फिफ्टीन की फिफ्टी?"

"फिफ्टीन. वन फाइव्ह."

हा फोन टाळायचा असेल तर आकडा दोनदा सांगायचा: "फिफ्टीन, वन फाइव्ह, मिलिग्रॅम, वन्स अ वीक, संडे ओन्ली." चार सेकंद जास्त लागतात. वार सांगितला की चुकीला आणखी एक कुलूप बसतं, कारण "दररोज, रविवारी" असं वाक्य टाइप करताना कोणीही थबकेल.

हायपरटेन्शन आणि हायपोटेन्शन, म्हणजे वाढलेला आणि घटलेला रक्तदाब, यांच्यात एका अक्षराचं अंतर आहे. जिथे नेमका अर्थ महत्त्वाचा, तिथे "हाय ब्लड प्रेशर" म्हणणं हा कमीपणा नव्हे. "असिम्प्टमॅटिक" या शब्दातला पहिला 'अ' गिळला गेला की लक्षणं नसलेला माणूस लक्षणं असलेला होतो, म्हणून "नो सिम्प्टम्स" बरं. उजवं-डावं नेहमी पूर्ण शब्दांत, आणि एकदा ठरलेली बाजू पत्रभर तीच.

सर्वांत जास्त गोंधळ मधेच बदललेल्या वाक्यांनी होतो. "इन्क्रीज टू ट्वेल्व्ह, नो, सॉरी, मेक इट फिफ्टीन" असं बोललं तर ऐकणारीने काय पुसायचं? रेकॉर्डिंगमध्ये "सॉरी" कधी ऐकू येत नाही, कधी "नो" वाक्यात शिरून बसतं. थांबून "करेक्शन, मागचं पूर्ण वाक्य काढा" असं सांगावं आणि ते वाक्य पहिल्यापासून म्हणावं. शेवटी "पत्र संपलं" हे शब्द हवेत. नाहीतर रेकॉर्डिंग मधेच तुटलं होतं की सांगणारा तिथेच थांबला होता, हे टायपिस्टला कळायला मार्ग नाही.

अनुभवी टायपिस्टकडे एक शहाणपण असतं: जे ऐकू आलं नाही तिथे ती रिकामी जागा ठेवून खूण करते. आवाजावरून आपोआप टाइप करणारी सॉफ्टवेअर आली आणि हे शहाणपण गेलं. सॉफ्टवेअर जागा सहसा रिकामी ठेवत नाही, जवळचा वाटणारा एखादा खराखुरा शब्द टाकतं, स्पेलिंगही अचूक. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात अशा सॉफ्टवेअरच्या कच्च्या मजकुरात शंभर शब्दांमागे सातांहून जास्त चुका निघाल्या. व्यावसायिक टायपिस्टने तपासल्यावर हे प्रमाण 0.4 वर आलं आणि डॉक्टरांच्या सहीनंतर 0.3 उरलं. म्हणजे बहुतेक चुका टायपिस्टच्या टेबलावर पकडल्या गेल्या. ते टेबल ज्या रुग्णालयात काढून टाकलं आहे, तिथे तिचं सगळं काम सही करणाऱ्याच्या डोळ्यांवर येऊन पडतं.

सहीचं पेन उचलण्याआधी

सही होते ती डॉक्टरांच्या बोलण्यावर नव्हे, टाइप झालेल्या मजकुरावर. स्वतःचं पत्र वाचताना अडचण अशी की काय म्हणायचं होतं ते आपल्याला माहीत असतं, आणि डोळे तेच वाचतात. 'फिफ्टी' छापलेलं असलं तरी मनात 'फिफ्टीन' उमटतं. त्यामुळे वरून खाली सरळ वाचून चूक सापडेल याची खात्री नाही. पत्र तुकड्या-तुकड्यांनी आणि केसपेपर शेजारी ठेवून तपासावं लागतं.

पहिली तपासणी ओळखीची. नाव, वय, क्रमांक केसपेपरशी जुळतात का? एकाच आडनावाच्या दोन पेशंटची पत्रं एका दुपारी सांगितली गेली असतील तर मजकूर एकाचा आणि नाव दुसऱ्याचं असं होऊ शकतं. वाक्यं मग निर्दोष असतात, म्हणून ही चूक मजकूर वाचून दिसत नाही. दुसरी तपासणी आकड्यांची. मधला सगळा मजकूर सोडून फक्त औषधांच्या ओळींवर यायचं आणि प्रत्येकाचं नाव, मात्रा, एकक, किती वेळा आणि किती दिवस हे पुटपुटत केसपेपरशी जुळवायचं. आपल्या पत्रात "मेथोट्रेक्सेट, पंधरा मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा, रविवारी" असं ओठांवर आलं पाहिजे. ओठांनी म्हटलं की डोळ्यांना गाळता येत नाही.

तिसरी तपासणी पत्र स्वतःशी भांडत नाही ना, याची. वर "डायक्लोफिनॅक बंद" आणि खाली औषधांच्या यादीत तेच चालू, हे अगदी नेहमी घडतं, कारण यादी मागच्या पत्रातून उचललेली असते. उजवं-डावं आणि "नाही" हे शब्दही याच फेरीत शोधायचे. चौथ्या फेरीत प्रत्येक कामापुढे करणारा माणूस आणि वेळ आहे का ते पाहायचं. "रक्त तपासावं" या वाक्याला कर्ता नाही, म्हणून ते काम कोणाचंच नाही. रिकाम्या जागा उरल्या असतील तर आठवणीने भरण्याऐवजी रेकॉर्डिंग ऐकून किंवा केसपेपर पाहून भरायच्या. सवय झाली की एका पानाच्या पत्राला हे सगळं दोन-तीन मिनिटांत होतं.

काही पत्रांच्या तळाशी "सांगितलेलं, पण वाचलेलं नाही" अशा अर्थाची एक इंग्रजी ओळ छापलेली असते. यात चूक असू शकते अशी कबुलीच ती देते, आणि ती शोधायचं काम अशा माणसावर टाकते ज्याच्याकडे ना रेकॉर्डिंग आहे ना केसपेपर. पत्र तातडीने जायला हवं असेल आणि सही राहिली असेल, तर बदललेल्या औषधांबद्दल फोनवर बोलून घेणं याहून बरं.

पत्र गेल्यावर चूक सापडली तर? आधी फोन, कारण औषध आजच घेतलं जाणार असू शकतं. फोनवर ऐकणाऱ्याकडून आकडा पुन्हा वदवून घ्यायचा. मग नवं पत्र, वर ठळक "दुरुस्त पत्र" असं लिहून, कोणती ओळ बदलली आणि कोणत्या तारखेचं पत्र रद्द समजायचं हे नमूद करून. मूळ प्रत फाडायची किंवा खोडायची नाही, दोन्ही नोंदीत राहतात. आणि दुरुस्ती पेशंटपर्यंतही पोचवायची, कारण जुनं पत्र तिच्या पिशवीत आहे.

पिशवीतलं पत्र

ही पिशवी आपल्याकडे महत्त्वाची आहे. आपल्याकडे पत्र बहुतेक वेळा पेशंटच्याच हातून एका डॉक्टरांकडून दुसऱ्याकडे जातं, मेडिकल दुकानातही तेच दाखवलं जातं. म्हणजे डॉक्टरांशिवाय ते वाचणारे आणखी दोघं असतात. ब्रिटनमध्ये तर 2018 मध्ये तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या अकादमीने ओपीडीची पत्रं थेट पेशंटला उद्देशून, साध्या भाषेत लिहावीत आणि प्रत फॅमिली डॉक्टरांना जावी अशी मार्गदर्शिका काढली. पेशंटला कळेल असं लिहायचं म्हटलं की संक्षेप आपोआप गळतात.

आपल्याकडे पत्र बहुधा इंग्रजीतच राहील. पण ते हातात पडल्यावर ओपीडीतून निघण्याआधी कोणीही पेशंट, किंवा बरोबर आलेला मुलगा, सून, तीन प्रश्न विचारू शकतो. आज कोणतं औषध नवीन, वाढवलेलं किंवा बंद केलेलं आहे, ते पत्रात कुठे लिहिलंय? प्रत्येक गोळी रोज घ्यायची की ठरावीक वारी? आणि पुढची तपासणी कधी, कोणाकडे? नाव आणि वय आपलंच आहे ना, हेही तिथेच पाहून घ्यावं. पत्र हरवलं किंवा मिळालंच नसेल, तर वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या नियमांप्रमाणे पेशंटने मागितल्यापासून 72 तासांत डॉक्टरांनी नोंदी द्यायच्या असतात.

या तीन प्रश्नांची उत्तरं पत्रावर बोट ठेवून दाखवता आली, तर ते पत्र तालुक्याच्या डॉक्टरांनाही दोन मिनिटांत कळेल. दाखवता आली नाहीत, तर पेशंट अजून समोर आहे, रेकॉर्डिंग पुसलेलं नाही आणि केसपेपर टेबलावर आहे. दुरुस्तीला याहून स्वस्त वेळ पुन्हा मिळत नाही.